अपॉइंटमेंट बुकिंग ॲपच्या प्रस्तावाचा ईमेल : टप्पे कुठे पाडावेत आणि खर्च कसा मांडावा

“पेशंटना मोबाइलवरून अपॉइंटमेंट घेता यावी, त्यांना रिमाइंडर जावा, पैसे आधी भरता यावेत आणि महिन्याचा रिपोर्ट मिळावा. असे ॲप करायला किती खर्च येईल?” छोट्या व्यवसायाच्या मालकाकडून येणारी पहिली चौकशी साधारण एवढीच असते, आणि तिला उत्तर म्हणून एकच ठोक रक्कम लिहून पाठवण्याचा मोह फार मोठा असतो. मीही सुरुवातीच्या काळात तसे केले आहे. एका कामात “रिपोर्ट” या शब्दाचा अर्थ माझ्या मनात महिनाभराच्या अपॉइंटमेंटची यादी असा होता, तर मालकांच्या मनात प्रत्येक कर्मचाऱ्याने किती कमाई केली याचा हिशेब होता. एका शब्दातील ही तफावत पुढे कित्येक दिवसांच्या बिनपैशाच्या कामात उतरली. चूक मालकांची नव्हती, कारण माझ्या ईमेलमध्ये त्या शब्दापुढे काहीच लिहिलेले नव्हते.

अशा प्रस्तावाचा ईमेल कसा रचावा हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एक फिजिओथेरपी क्लिनिक आहे. मालक स्वतः थेरपिस्ट आहेत, त्यांच्या जोडीला आणखी एक थेरपिस्ट आहे, रिसेप्शनवर एक व्यक्ती बसते आणि उपचाराचे एक यंत्र आहे. सध्या सगळा कारभार फोन आणि कागदी डायरीवर चालतो. प्रस्ताव लिहिणारा एकटा डेव्हलपर आहे. दर प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून येथील सर्व खर्च मी कामाच्या तासांत देत आहे. प्रत्यक्ष ईमेलमध्ये तासांना आपल्या दराने गुणून रक्कमच लिहावी, कारण मालकाला तासांशी नव्हे तर रकमेशी व्यवहार करायचा असतो.

आधी डायरी, मग प्रस्ताव

प्रस्ताव लिहिण्यापूर्वी एक छोटी पाहणी करावी आणि तिचे वेगळे पैसे घ्यावेत. आपल्या उदाहरणात तिला १६ तास धरले आहेत. त्यात रिसेप्शनजवळ बसून अर्ध्या दिवसाचे कामकाज पाहणे, गेल्या चार आठवड्यांची डायरी वाचणे आणि बुकिंगचे नियम एका पानावर लिहून मालकांकडून तपासून घेणे एवढेच काम येते. हे पान मालकांचे असते आणि ते घेऊन त्यांना दुसऱ्या डेव्हलपरकडेही जाता येते. पाहणीचे पैसे मागणे अवघड वाटते हे खरे आहे, पण हे पान त्यांचेच राहील असे सांगितले की बहुतेकांना ती मागणी पटते. पाहणीला मालक तयारच नसतील तर निदान पेशंटची नावे झाकून डायरीच्या पानांचे फोटो मागवावेत.

डायरी वाचण्याचा इतका आग्रह का, हे उदाहरणातूनच दिसते. समजा, चार आठवड्यांत ४०० नोंदी आहेत. त्यांपैकी ५२ जण न कळवता आले नाहीत, ३१ जणांनी वेळ बदलून घेतली आणि ९ वेळा एकाच वेळेला दोन पेशंट समोर उभे राहिले. मालकांनी सांगितले होते की गोंधळ थेरपिस्टच्या वेळांचा होतो. प्रत्यक्षात त्या ९ गोंधळांपैकी ७ यंत्रामुळे झालेले आहेत. दोन्ही थेरपिस्ट मोकळे होते, पण दोघांनाही एकाच वेळी यंत्र हवे होते. डायरीत थेरपिस्टसाठी दोन रकाने आहेत, यंत्रासाठी एकही नाही, त्यामुळे ही टक्कर कागदावर दिसतच नव्हती.

या एका शोधाने पहिल्या टप्प्याचा आराखडा बदलतो. केवळ थेरपिस्टच्या मोकळ्या वेळा दाखवणारे बुकिंग केले असते, तर ते व्यवस्थित चालले असते, चाचण्यांत पास झाले असते, आणि तरीही ७ गोंधळ जसेच्या तसे राहिले असते. नंतर यंत्र जोडायचे म्हटले तर मोकळ्या वेळा काढण्याचा गाभाच पुन्हा लिहावा लागतो. म्हणून यंत्र पहिल्याच टप्प्यात येते, आणि ईमेलमध्ये ते का येते हे मालकांच्याच डायरीच्या आधाराने सांगता येते.

ईमेलची सुरुवात

विषयाची ओळ अशी असावी की ईमेल न उघडताही त्यातील मुख्य गोष्ट कळावी. “आपल्या प्रकल्पाबाबत” ही ओळ काहीच सांगत नाही. “अपॉइंटमेंट बुकिंगचा प्रस्ताव : पहिला टप्पा ६ आठवडे, १३८ तास” ही ओळ सांगते. पहिल्या परिच्छेदात मालकांची अडचण त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच आकड्यांत परत मांडावी:

> नमस्कार डॉक्टर,
>
> आपल्या चार आठवड्यांच्या डायरीत ४०० अपॉइंटमेंट आढळल्या. त्यांपैकी ५२ पेशंट न कळवता आले नाहीत आणि ९ वेळा वेळांची टक्कर झाली. त्या ९ पैकी ७ वेळा टक्कर थेरपिस्टची नसून यंत्राची होती. म्हणून मी काम तीन टप्प्यांत सुचवत आहे. पहिल्या टप्प्याने टक्कर थांबावी, दुसऱ्याने न येणाऱ्यांचे प्रमाण कमी व्हावे आणि तिसऱ्याने आगाऊ पैसे घेता यावेत असा हेतू आहे. प्रत्येक टप्पा संपल्यावर जे तयार असेल ते आपल्याला तसेच वापरता येईल आणि पुढचा टप्पा घेण्याचे बंधन राहणार नाही.
>
> पेशंटना काही इन्स्टॉल करावे लागणार नाही. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडणारे हे पान असेल. ॲप स्टोअरवरचे वेगळे ॲप या प्रस्तावात धरलेले नाही.

शेवटची तीन वाक्ये अनेक जण ईमेलच्या तळाशी ढकलतात, किंवा लिहीतच नाहीत. मालक “ॲप” म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मोबाइलच्या स्क्रीनवरचे चिन्ह असते, आणि डेव्हलपर तोच शब्द वेबपानासाठीही सहज वापरतो. हा गैरसमज सहाव्या आठवड्यात उघडा पडला तर पहिला टप्पा पूर्ण होऊनही मालकांना तो अर्धवट वाटतो. आठ-दहा वेळा येऊन बरा होणारा पेशंट त्यासाठी ॲप इन्स्टॉल करून ठेवील अशी अपेक्षाही फारशी धरता येत नाही. शिवाय स्टोअरवर जायचे तर ॲपलच्या डेव्हलपर खात्याला दरवर्षी ९९ डॉलर आणि गुगल प्लेला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. ही रक्कम मोठी नाही, परंतु दोन्हीकडच्या तपासण्या आणि दर वर्षी बदलणाऱ्या अटी सांभाळण्याचे काम त्याहून पुष्कळ महाग पडते.

पहिला टप्पा कुठे संपतो

टप्पा कुठे तोडावा याची माझी कसोटी अशी आहे की त्या दिवशी काम कायमचे थांबले तरी क्लिनिकला हातातली वस्तू वापरता आली पाहिजे. “आधी डेटाबेस, मग स्क्रीन, मग जोडणी” अशी विभागणी डेव्हलपरच्या सोयीची असते. मालकांच्या दृष्टीने तिचे पहिले दोन टप्पे म्हणजे पैसे देऊन काहीच न मिळणे असते.

या कसोटीवर पहिल्या टप्प्यात पुढील गोष्टी बसतात. मालकांना सेवा, त्यांचा कालावधी, थेरपिस्टचे कामाचे तास आणि सुट्ट्या भरता येतील (१४ तास). प्रणाली त्यावरून खरोखर मोकळ्या असलेल्या वेळा काढेल (२२ तास). पेशंटला त्यांतली एक निवडता येईल (१८ तास). रिसेप्शनला दिवसाचे कॅलेंडर दिसेल (२६ तास). बुकिंग झाल्याचा ईमेल जाईल आणि त्यातील लिंकवरून पेशंटला अपॉइंटमेंट रद्द करता येईल (१० तास). लॉगिन, कोणाला काय पाहता येईल याचे नियम आणि रोजचा बॅकअप असेल (१२ तास). शेवटी चाचणी, रिसेप्शनचे प्रशिक्षण आणि डायरीतील पुढच्या तारखांच्या अपॉइंटमेंट भरून देणे येते (१८ तास). ही बेरीज १२० तास होते. त्यावर अनपेक्षित अडचणींसाठी १५ टक्के, म्हणजे १८ तास, धरून १३८ तास होतात. हे १८ तास वेगळे दाखवावेत की बाकीच्या कामांत मिसळून टाकावेत, याबद्दल मतभेद आहेत. मी वेगळे दाखवतो, कारण मिसळले तर “एका पानाला १८ ऐवजी २१ तास का?” या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर राहत नाही.

या यादीत मालकांना सर्वांत सोपी वाटणारी गोष्ट सर्वांत महाग आहे, ती म्हणजे रिसेप्शनचे कॅलेंडर. पेशंटचे पान एकच काम करते, तर कॅलेंडरला फोनवरून आलेली अपॉइंटमेंट नोंदवावी लागते, आयत्या वेळी आलेल्या पेशंटला बसवावे लागते, थेरपिस्ट तासभर बाहेर गेला तर तेवढा वेळ बंद करावा लागतो, पेशंट आला नाही ही खूण करावी लागते, आणि हे सगळे चालू असताना बाहेरून कोणीतरी बुकिंग केले तर ते लगेच दिसावे लागते. हे ईमेलमध्ये दोन वाक्यांत लिहिले नाही, तर घासाघीस नेमकी याच आकड्यावर होते.

मोकळ्या वेळांच्या २२ तासांचे कारणही थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, यंत्राचा उपचार ४५ मिनिटांचा आहे, त्यानंतर यंत्र पुसून तयार करायला १० मिनिटे लागतात आणि वेळा दर १५ मिनिटांनी दाखवायच्या आहेत. पहिल्या थेरपिस्टने ९:३० ला यंत्र घेतले. उपचार १०:१५ ला संपतो, पण यंत्र १०:२५ ला मोकळे होते. दुसरा थेरपिस्ट १०:०० पासून रिकामा बसला आहे. आता एखाद्या पेशंटने साधी फेरतपासणी मागितली तर त्याला १०:०० ची वेळ दिसली पाहिजे, आणि यंत्राचा उपचार मागितला तर पहिली वेळ १०:३० ची दिसली पाहिजे. एकच थेरपिस्ट आणि एकच मिनिट असूनही सेवा बदलली की उत्तर बदलते. यात सुट्टी, जेवणाची वेळ आणि आज फक्त दुपारपर्यंत असलेला थेरपिस्ट हे धरले की २२ तासांचे आश्चर्य वाटत नाही.

हा २२ चा आकडाही हवेतून काढायचा नसतो. सर्व सुरळीत झाले तर १४ तास, बहुधा २० तास, आणि नियम पुन्हा पुन्हा बदलले तर ३८ तास, असे तीन अंदाज घ्यावेत. मधल्याला चौपट वजन देऊन बेरजेला ६ ने भागावे. १४ अधिक ८० अधिक ३८ म्हणजे १३२, आणि भागाकार २२. या रीतीचा खरा फायदा सरासरीपेक्षा १४ आणि ३८ मधल्या अंतरात आहे. ज्या कामात हे अंतर एवढे मोठे दिसते, तिथे नियम अजून पक्के झालेले नाहीत असे समजून आधी मालकांना प्रश्न विचारावेत.

काम पूर्ण झाले हे कसे ठरवायचे

प्रत्येक टप्प्यापुढे “पूर्ण” म्हणजे काय हे मालकांना स्वतः करून पाहता येईल अशा चाचणीत लिहावे. “दुहेरी बुकिंग टाळणारी सक्षम प्रणाली” असे लिहिण्यापेक्षा हे लिहावे:

> पहिला टप्पा पूर्ण झाल्यावर आपण ही चाचणी करावी. दोन मोबाइलवर यंत्राच्या उपचारासाठी एकाच दिवसाची १०:३० ची वेळ उघडावी आणि दोघांनी एकाच वेळी “बुक करा” दाबावे. एकाला अपॉइंटमेंट मिळाली पाहिजे आणि दुसऱ्याला “ही वेळ नुकतीच गेली” असा संदेश येऊन जवळच्या मोकळ्या वेळा दिसल्या पाहिजेत. रिसेप्शनच्या कॅलेंडरमध्ये एकच नोंद असली पाहिजे.

ही चाचणी साधी दिसते, पण घाईने केलेले काम नेमके इथे पडते. वेळ मोकळी आहे का हे आधी तपासायचे आणि मग नोंद करायची, असे लिहिलेल्या प्रणालीत त्या दोन क्रियांच्या मधल्या क्षणात दुसरा पेशंट शिरतो. दोघांनाही “मोकळी आहे” असे उत्तर मिळते आणि दोघांचीही नोंद होते. म्हणून ही अडवणूक स्क्रीनवर नव्हे तर डेटाबेसमध्येच असावी लागते, म्हणजे एकाच यंत्राच्या, एकमेकांवर येणाऱ्या दोन नोंदी तो स्वीकारणारच नाही. मालकांना हे तंत्र समजावण्याची गरज नाही. दोन मोबाइल त्यांना पुरतात.

पैशांचे हप्तेही या चाचणीला बांधावेत. सुरुवातीला ३० टक्के, चाचणी मालकांसमोर पार पडल्यावर ४० टक्के आणि प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यानंतर दोन आठवड्यांनी उरलेले ३० टक्के ही विभागणी दोन्ही बाजूंना सोसवते. हप्ते तारखांना बांधले की मालकांकडून सुट्ट्यांची यादी उशिरा आली तर दोष कोणाचा यावर चर्चा सुरू होते.

दुसरा टप्पा, आणि दर महिन्याला येणारा खर्च

दुसऱ्या टप्प्यात एसएमएस, म्हणजे बुकिंगची खात्री आणि आदल्या दिवसाचा रिमाइंडर, आणि पेशंटला स्वतः वेळ बदलून घेण्याची सोय येते. मूळ ३६ तास आणि १५ टक्के जादा धरून सुमारे ४१ तास होतात. येथे एक वाक्य अवश्य लिहावे, की ५२ पैकी किती जण रिमाइंडरमुळे येऊ लागतील याचा आकडा मी देत नाही, परंतु पहिल्या टप्प्यापासून न आलेल्यांची नोंद होत असल्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या आधीचे आणि नंतरचे प्रमाण आपल्याला ताडून पाहता येईल. फायद्याचे आश्वासन देणारा डेव्हलपर त्या आश्वासनात अडकतो.

बांधणीचा खर्च एकदाच येतो, पण एसएमएसचा दर महिन्याला येतो, आणि तो बहुतेक प्रस्तावांत चुकीचा मोजलेला असतो. ४०० अपॉइंटमेंट आणि प्रत्येकी दोन संदेश म्हणजे ८०० एसएमएस, असा हिशेब करून लोक मोकळे होतात. एसएमएस मात्र भागांवर मोजला जातो. साध्या रोमन अक्षरांतील संदेशाच्या एका भागात १६० वर्ण बसतात, देवनागरीत साधारणपणे ७०. संदेश त्याहून लांब झाला तर प्रत्येक भागातील काही जागा जोडणीच्या माहितीत जाते आणि भागाला ६७ वर्णच उरतात. शिवाय मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे प्रत्येकी वेगळे वर्ण मोजले जातात. “उद्या” हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण उ, द, हलन्त, य आणि काना असे त्याचे ५ वर्ण होतात.

त्यामुळे देवनागरीतील १५० वर्णांचा सभ्य, सविस्तर संदेश ३ भागांचा होतो आणि ८०० संदेशांचे २४०० भाग होतात. मालकांच्या अंदाजापेक्षा बिल तिप्पट येते आणि दोष प्रणालीला दिला जातो. याउलट “नमस्कार, उद्या ११:०० वाजता आपली अपॉइंटमेंट आहे.” हा संदेश मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे धरून ४७ वर्णांचा आहे. क्लिनिकच्या नावासाठी २३ वर्ण उरतात आणि सगळे एका भागात बसते, मात्र त्यात रद्द करण्याची लिंक मावत नाही. म्हणून खात्रीच्या संदेशात लिंक देऊन तो २ भागांचा ठेवावा आणि रिमाइंडर १ भागाचा करावा. अपॉइंटमेंटमागे ३ भाग, म्हणजे महिन्याला १२०० भाग होतात. पूर्वीच्या निम्मे. हा हिशेब ईमेलमध्ये असाच मांडावा आणि एका भागाचा दर पुरवठादाराकडून घेऊन पुढे लिहावा. वेळ बदलणाऱ्यांना आणखी एक संदेश जातो, म्हणून थोडी वाढ धरावी.

दर महिन्याच्या किंवा वर्षाच्या बाकी खर्चांत होस्टिंग, डोमेनचे नाव आणि देखभाल येते. होस्टिंग, डोमेन आणि एसएमएस यांची खाती मालकांच्याच नावाने उघडावीत आणि बिलेही थेट त्यांच्याकडे जावीत. डेव्हलपरच्या नावावर डोमेन असले की उद्या संबंध बिघडल्यास क्लिनिकचा पत्ताच अडकून पडतो. देखभाल म्हणजे काय, हेही वेगळे करावे. वापर सुरू झाल्यापासून ३० दिवसांत आढळलेल्या चुका विनामूल्य दुरुस्त करणे हा कामाचाच भाग आहे. त्यानंतरची अद्ययावतता, बॅकअप खरोखर परत आणता येतो का याची तपासणी आणि छोटे बदल यांसाठी महिन्याला ठरावीक तास ठेवावेत. चूक आणि बदल यांतील फरक एका वाक्यात सांगता येतो : नियमांच्या पानावर लिहिले आहे तसे चालत नसेल तर ती चूक, आणि पानावर नसलेले काही हवे असेल तर तो बदल.

तिसऱ्या टप्प्याचा आकडा पट्ट्यात का द्यावा

आगाऊ पैशांसाठी मी नेमका आकडा देत नाही, ४५ ते ६५ तास असा पट्टा देतो. पैसे घेणे हे दिसायला एक बटण आहे, पण त्यामागे मालकांनी अजून न घेतलेले निर्णय आहेत. पेशंट पैसे भरत असताना त्याच्यासाठी वेळ किती मिनिटे धरून ठेवायची? १० मिनिटे धरली आणि बँकेकडून पैसे आल्याचे ११ व्या मिनिटाला कळले, तोवर ती वेळ दुसऱ्याने घेतली असेल, तर पैसे आपोआप परत जावेत की रिसेप्शनने फोन करून दुसरी वेळ द्यावी? पेमेंट गेटवेकडून तीच सूचना दोनदा आली तर एकच पावती बनली पाहिजे. किती तास आधी रद्द केल्यास पूर्ण पैसे परत मिळतील? पैसे परत केले तरी अनेक गेटवे आपले शुल्क परत करत नाहीत, मग तो भार कोणावर? या प्रश्नांची उत्तरे पहिला टप्पा काही महिने चालल्यावर मालकांना स्वतःच्या अनुभवातून देता येतात. आज विचारली तर अंदाजाने मिळतात, आणि अंदाजावर दिलेला नेमका आकडा हा कमी पडल्यावर डेव्हलपरच्या आणि जास्त झाल्यावर मालकांच्या खिशातून जातो.

काय मिळणार नाही

ईमेलमधला हा परिच्छेद लिहायला संकोच वाटतो, पण नंतरचे बहुतेक वाद याच्या अभावी होतात.

> या प्रस्तावात पुढील गोष्टी धरलेल्या नाहीत : ॲप स्टोअरवरील ॲप, दुसरी शाखा, थेरपिस्टनुसार कमाईचा हिशेब आणि उपचारांच्या नोंदी. पेशंटचे नाव, फोन, ईमेल, सेवा आणि वेळ एवढेच प्रणालीत साठवले जाईल. आजाराची माहिती भरण्याची जागा मुद्दाम ठेवलेली नाही, कारण ती ठेवली तर सुरक्षिततेच्या आणि कायद्याच्या जबाबदाऱ्या वाढतात आणि त्यांचा विचार वेगळा करावा लागेल. महिन्याचा रिपोर्ट म्हणजे एकूण अपॉइंटमेंट, रद्द झालेल्या आणि न आलेल्या यांची संख्या, सेवेनुसार. तो पहिल्या टप्प्याच्या कॅलेंडरमध्येच मिळेल.

शेवटी मालकांकडून नेमके काय हवे ते लिहावे. “आपला अभिप्राय कळवावा” याला उत्तर येत नाही. “पहिला टप्पा मान्य असल्यास या ईमेलला ‘मान्य’ एवढे उत्तर द्यावे. हा दर ३० दिवस कायम राहील. सुरू करण्यासाठी मला सेवांची यादी, सुट्ट्यांची यादी आणि रिसेप्शनच्या व्यक्तीचे आठवड्यातील दोन तास लागतील” याला येते. हे दोन तास मालक विसरतात आणि कामाला उशीर बहुधा तिथेच होतो.

उत्तर आले : थोडे कमी करता येईल का?

असे उत्तर येणारच. त्यावर दर कमी करू नये, काम कमी करावे आणि काय गेले ते लिहून द्यावे. आपल्या उदाहरणात यंत्राची मांडणी काढता येत नाही, कारण तिच्यासाठीच टप्पा आहे. डायरीतील पुढच्या अपॉइंटमेंट रिसेप्शनने स्वतः भरल्या तर ४ तास वाचतात. रद्द करण्याची लिंक पुढे ढकलून तोवर पेशंटने फोन करायचे ठरवले तर ६ तास वाचतात. १२० चे ११० झाले आणि १५ टक्के धरून पहिला टप्पा १२७ तासांवर आला. मालकांना ११ तास कमी दिसतात.

मात्र लिंक रद्द झालेली नाही, ती दुसऱ्या टप्प्यात गेली आहे. तिथले ३६ तास आता ४२ होतात आणि १५ टक्क्यांसह ४१ चे ४८. आधी दोन्ही टप्पे मिळून १७९ तास होते, आता १७५ आहेत. सुधारित ईमेलमध्ये मी या दोन्ही बेरजा शेजारी शेजारी लिहितो आणि खाली एक ओळ टाकतो : “आज आपले ११ तास वाचतात, दोन्ही टप्पे घेतल्यास ४.”